तारीखवार बेकारी

नोकरी गेल्याचं घरी सांगितल्यावर आमच्या भावोजींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक्सेल उघडलं. ताई म्हणते, दुसरा कुणी असता तर गच्चीवर जाऊन उभा राहिला असता, निदान चहा तरी मागितला असता. पण अकाउंटंटचं दुःखसुद्धा आधी कॉलमात बसावं लागतं, मगच ते खरं होतं. चाकणच्या ज्या कंपनीत त्यांनी अकरा वर्षं हिशेब लिहिला, तिने अख्खं अकाउंट्स खातं बाहेरच्या एका एजन्सीकडे सोपवलं होतं. "मला काढलं नाही, आउटसोर्स केलं," असं भावोजी आजही सांगतात. पगार दोन्हींत सारखाच थांबतो, पण हेड वेगळं पडतं म्हणे.

पहिली शीट घराच्या हिशेबाची होती. बँकेत ३८,००० आणि एफडी १,८०,०००, म्हणजे हाताशी २,१८,०००. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबरच गेली. घरात दोन मुलं आणि पंचाहत्तरीचे वडील, त्यामुळे स्वतःच्या पॉलिसीसाठी २४,००० त्यांनी त्याच रात्री बाजूला काढून ठेवले. उरले १,९४,०००. महिन्याचा खर्च ताईच्या वहीवरून ४१,००० निघाला: घराचा हप्ता १६,२००, किराणा-दूध-भाजी-हॉटेल ११,०००, वीज-गॅस-फोन-सोसायटी ५,३००, मुलांची शाळा आणि क्लास ६,५००, सासऱ्यांची औषधं २,०००. भागाकार केला तर पावणेपाच महिनेही पुरे पडत नव्हते.

मी तिथेच बसलो होतो. म्हटलं, "भावोजी, ग्रॅच्युइटी धरली नाहीत?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरलोय. मूळ पगार २४,०००, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या ११ वर्षांनी गुणायचं. १,५२,३०८ रुपये होतात, हे त्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय सांगितलं. पण ते येणं आहे, आलेलं नाही. "तोटा दिसला की लगेच धरायचा, नफा हातात पडल्यावर धरायचा. पुस्तकातला पहिला नियम आहे." म्हणून ग्रॅच्युइटी शीटच्या तळाशी राखाडी अक्षरांत बसली. पीएफ तर शीटमध्येच नव्हता. तो पैसा म्हातारपणाचा, आणि आपण अजून म्हातारे नाही, असं भावोजींचं म्हणणं. या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही हे त्यांना पुढे कळायचं होतं.

वही तपासताना त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. किराणाची बेरीज दर महिन्याला खऱ्या बिलांपेक्षा तीनशे रुपयांनी जास्त भरत होती. नेमके तीनशे, आणि कित्येक महिने. अकाउंटंटला एवढा नियमित फरक चूक वाटत नाही, त्यामागे त्याला माणूस दिसतो. भावोजींनी ताईकडे पाहिलं, ताईने खिडकीकडे पाहिलं. "रक्कम मटेरियल नाही," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. संसारात ऑडिटरने कुठे थांबावं हे त्यांना बरोबर कळतं. क्लास, फोनचे प्लॅन आणि रविवारचं हॉटेल यांतून मात्र त्यांनी तीन हजार काढले. महिना ३८,००० वर आला आणि मुदत पाच महिन्यांच्या किंचित पुढे सरकली. बँकेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का, हेही ते हप्ता चुकायच्या आधीच विचारून आले. हप्ता एकदा परत गेला की बँकेचा दंड बसतो तो बसतोच, वर सिबिलचा आकडा खाली येतो. पैसे सांभाळायच्या जागेवर माणूस घेताना काही मालक तो आकडा बघतात. लोकांचे हप्ते वेळेवर भरणाऱ्याचाच हप्ता थकलेला कुणाला आवडेल?

खरी गंमत दुसऱ्या शीटमध्ये होती. ती आठवड्याच्या बेताची. सोमवार ते शनिवार, नऊ ते सहा, मध्ये अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, आणि सगळ्या हिरव्या चौकटींत एकच नोंद: नोकरी शोधणे. सोमवारी सकाळी भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसले. नोकरीच्या साइटवर जितक्या योग्य जाहिराती होत्या त्यांना अर्ज करून झाले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पुढचं हिरवं मैदान मोकळं. मग त्यांनी अयोग्य जाहिरातींना अर्ज केले. दुपारनंतर ते दुबईच्या एका बांधकाम कंपनीत फायनान्स डायरेक्टरच्या जागेपर्यंत पोहोचले होते. बुधवारी ताई म्हणाली, "अहो, टेबलावरून उठा, मला भाजी निवडायचीय." तो बेत तिथेच संपला.

पण त्या तीन दिवसांतून एक शहाणपण निघालं. त्यांनी ओळखीच्या एका सीएंना फोन केला होता. फोन उचलला गेला, पण पलीकडून फक्त कीबोर्डचा आवाज आणि "नंतर, नंतर" एवढंच ऐकू आलं. भावोजी जरा दुखावले. मग त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. १९ तारीख होती!

ज्यांच्या घरात हिशेबनीस नाही त्यांच्यासाठी सांगतो. या धंद्याला वार नसतात, तारखा असतात. सात तारखेला कापलेला टीडीएस भरायचा. अकराला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण. चौदाला पोर्टलवर २बी येतं, त्यात तुमच्या सप्लायरनी कोणकोणती बिलं दाखवलीत ते दिसतं. पंधराला पीएफ आणि ईएसआयसी. वीसला ३बी, त्या दिवशी कर भरून मोकळं व्हायचं. बहुतेक मध्यम कारखान्यांचा महिना असाच फिरतो. १६ ते २० या दिवसांत सीएला किंवा अकाउंट्स मॅनेजरला "काही ओपनिंग आहे का" असं विचारणं म्हणजे अंतरपाट धरलेला असताना भटजींना पुढचा मुहूर्त विचारणं. २१ नंतर मात्र हीच माणसं खुर्चीत मागे रेलतात, चहा मागवतात आणि आपल्याकडे कोण सोडून चाललंय याचा विचार करतात. एक ते पाच तारखेपर्यंतही तोंड मोकळं असतं.

म्हणून दुसरा बेत तारखेवर बेतलेला झाला. आठवडा तोच, पण कोणत्या आठवड्यात काय करायचं हे कालनिर्णय ठरवणार. २१ पासून महिनाअखेर आणि पुढचे चार-पाच दिवस भेटीगाठी, फोन, बायोडेटा. सात ते पंधरा घरी बसून अर्ज आणि अभ्यास. आणि १६ ते २० या दिवसांत नोकरी मागायचीच नाही, हात द्यायचा. हे शेवटचं कलम मला सगळ्यात आवडलं. ज्या दिवसांत कुणाला बोलायला वेळ नसतो त्याच दिवसांत कामाला माणूस कमी पडतो. भावोजींनी त्याच सीएंना दोन ओळींचा निरोप पाठवला: सर, मोकळा आहे, टॅली आणि २बी रिकन्सिलिएशन करतो, वीस तारखेपर्यंत संध्याकाळी येऊन बसू शकतो. उत्तर यायला मिनिटसुद्धा लागलं नाही. "आज या."

तिथे त्यांना भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याची खरेदी २बीशी जुळवायला दिली. कारखान्याच्या खरेदीच्या रजिस्टरात एक आकडा आणि पोर्टलवर दुसरा. २बीत न दिसलेल्या बिलाच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे तेवढा कर मालकाच्या खिशातून जाणार. भावोजींनी काय केलं ते मला त्यांनी इतक्या रंगून सांगितलं की वाटावं, काल चित्रपट पाहून आले. आधी जीएसटी नंबर आणि रक्कम यांवरून जुळवायचं, बिल नंबरावरून नाही. कारण बिल नंबर माणूस टाइप करतो: सप्लायर लिहितो "एसई/०४५/२५-२६", कारखान्याचा मुलगा टाकतो नुसते "४५". संगणकाला ती दोन बिलं वाटतात. अशी नुसत्या नावापायी दुरावलेली बिलं जुळली की निम्मा फरक संपतो. मग एखादं बिल मार्चचं, पण सप्लायरने एप्रिलमध्ये दाखवलेलं. एखाद्या ठिकाणी सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा तिथे आयजीएसटी लावलेला. आणि शेवटी उरतो तो खरा रोग: तीन सप्लायर, ज्यांनी विवरण भरलेलंच नाही. त्यांची नावं वेगळ्या कागदावर काढली, पुढे रक्कम लिहिली, "पेमेंट देण्याआधी विचारा" असा शेरा मारला आणि कागद सीएंच्या टेबलावर ठेवला.

सीएंनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "याचा अकाउंटंट गेल्या महिन्यात गेला. तुम्ही पूर्णवेळ बघताय का?"

अकाउंटंटच्या नोकऱ्या अशाच मिळतात, हे भावोजींचं आता ठाम मत आहे. वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याचा मालक जाहिरात देत नाही, तो ऑडिटरला म्हणतो, "एखादा विश्वासू माणूस सांगा ना." कुणाचं क्लोजिंग रखडलंय, कुणाला नोटीस आलीय, कुणाचा अकाउंटंट लग्न करून हैदराबादला चाललाय, हे मालकाच्या बायकोच्या आधी सीएला कळतं. साइटवर अर्ज करायचे ते करावेत, पण रोज तासाभरापुरतेच. तिथे एकच पत्ता हुकमी आहे, तो म्हणजे नोटीस पिरियडच्या रकान्यात "तत्काळ". बाकी उमेदवारांना सुटायला दोन-तीन महिने लागतात, आपण उद्या येतो. बेकार असण्याचा एवढा एकच फायदा आहे, तो सोडू नये. आणि बायोडेटात "अकाउंट्सची जबाबदारी सांभाळली" असलं काही लिहू नये, ते सगळेच सांभाळतात. भावोजींनी लिहिलं: महिन्याचं क्लोजिंग पाच तारखेला, वैधानिक ऑडिटला लागणारी सगळी शेड्यूल स्वतः तयार, अमुक इतक्या युनिटचा स्टॉक. मी विचारलं, थोडं वाढवून नको का लिहायला? "आकडा वाढवला की कुणीतरी व्हाउचर मागतो," ते म्हणाले.

सीएंइतकीच उपयोगी निघाली दुसरी एक जमात, आणि इथे मला काव्यात्म न्याय दिसला. अकरा वर्षं दर शुक्रवारी भावोजींना सप्लायरचे फोन येत. "साहेब, आमचं पेमेंट कधी?" बोल्टवाला, पेंटवाला, ट्रान्सपोर्टवाला, पॅकिंगच्या खोक्यांचा माणूस. आता भावोजी त्यांना फोन करू लागले, आणि तेही शुक्रवारीच. सवय. कंपनीचा कागद नाही की यादी नाही, फक्त स्वतःच्या मोबाइलमधले नंबर. ज्यांना ते तारीख सांगून त्या तारखेला पैसे पाठवत, ते मनापासून बोलले. ज्यांना "फाइल साहेबांच्या टेबलावर आहे" असं सांगून दोन-दोन महिने झुलवलं होतं, त्यांतल्या एकाने फोन उचलून अगदी प्रेमाने म्हटलं, "साहेब, तुमची फाइल टेबलावर ठेवतो!"

दुपारचा अभ्यास हा बेताचा आणखी एक भाग. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि १९६१ चा जुना निवृत्त झाला. त्याबरोबर आपलीही निवृत्ती झाली असं भावोजींना आधी वाटलं होतं. कंत्राटदाराचं १९४सी, व्यावसायिकाचं १९४जे, भाड्याचं १९४आय हे सगळं त्यांना पाढ्यांसारखं पाठ. नव्या कायद्यात पगार सोडून बाकीचा टीडीएस एकट्या ३९३ व्या कलमात, तक्त्यांमध्ये मांडलाय. असेसमेंट इयर आणि प्रीव्हियस इयर जाऊन एकच टॅक्स इयर आलं. ताई म्हणाली, "बरंच झालं, मला त्या दोन वर्षांतला फरक कधी कळलाच नाही." मग भावोजींच्या लक्षात आलं की या एका बाबतीत पंचविशीचा पोरगा आणि चव्वेचाळिशीचे आपण एकाच रेषेवर उभे आहोत. उलट जुन्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच कायद्याने चालणार आहेत, आणि तो पोरग्याला येत नाही. मुलाखतीत "नवीन कायदा माहितीय का" असं विचारलं की ते आता दोन्ही कलमं शेजारी शेजारी सांगतात. एका ठिकाणी मालकाने त्यांना मध्येच थांबवून विचारलं, "ते सोडा, पेटी कॅश जुळते का तुमची?"

बेतात फसवणुकीसाठी जागा ठेवलेली नव्हती, ती आपसूक आली. एकाने नोकरी पक्की म्हणून सांगितलं, फक्त रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आधी भरायचे होते. भावोजींनी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आणि जीएसटी नंबर मागितला, फोन कट झाला. दुसरी जाहिरात जास्त सभ्य होती. "अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, घरबसल्या": तुमच्या खात्यात पैसे जमा होतील, कमिशन ठेवून बाकीचे पुढे सांगतो त्या खात्यांत पाठवायचे. ज्याला दोन लाखांवर घर चालवायचंय त्याला हे सोपं वाटू शकतं. भावोजींनी एकच प्रश्न विचारला: "येणाऱ्या पैशाचं बिल कुणाच्या नावाचं?" बिल नव्हतंच. ज्या पैशाला बिल नाही तो कुणाचा तरी लुटलेला असतो, आणि पोलीस आधी ज्याचं खातं त्याच्याच दारात येतात. तो नंबर त्यांनी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला कळवला आणि ताईलाही दाखवला, कारण तिच्या भिशीतल्या एकीला तोच निरोप आला होता.

नातेवाइकांसाठी मात्र त्यांनी जागा ठेवली. रविवारी अकरा ते एक. या वेळेत फोन घ्यायचे, ऐकायचे, वही पुढे ठेवायची. आत्याबाईंनी पोळी-भाजी केंद्र सुचवलं, साडूंनी शेअर बाजार, वरच्या मजल्यावरच्या काकांनी वास्तू. भावोजी सगळं "सस्पेन्स अकाउंट"मध्ये टाकतात. वर्षअखेरीला बघू म्हणतात.

फॅब्रिकेशनवाल्याकडे मुलाखतीला मीही बरोबर गेलो होतो, गाडी चालवायला. केबिनमध्ये पंख्याखाली बिलांचे गठ्ठे दगडाखाली दाबून ठेवलेले. मालक चांगले, पण घाईतले. त्यांनी विचारायच्या आधी भावोजींनीच म्हटलं, "साहेब, टॅली एकदा बघू?" आणि माउस हातात घेतला. कॅश बुक उघडलं. एका दिवशी रोख शिल्लक लाल, उणे चाळीस हजार. कॅश उणे असूच शकत नाही; पेटीत नसलेले पैसे कुणी दिले? याचा अर्थ एक तर नोंद चुकलीय किंवा बाहेरचा पैसा आत फिरतोय. पहिलं दुरुस्त होतं, दुसरं माणसाला बुडवतं. त्यांनी ती नोंद उघडून दाखवली. बँकेतून काढलेले पैसे कुणी कॅशमध्ये दाखवलेच नव्हते. भावोजींच्या चेहऱ्यावर सुटकेचा जो भाव आला तो त्यांना नोकरी मिळेल म्हणून नव्हता, फरक सापडला म्हणून होता. पीएफचं शेवटचं चलन त्यांनी मागितलं, तेही वेळेवर भरलेलं होतं.

मालक म्हणाले, पूर्णवेळ परवडणार नाही, आठवड्यातले तीन दिवस या, अठरा हजार देतो. परतताना गाडीत मी म्हटलं, "अर्धीच नोकरी झाली की." भावोजींनी मोबाइलवरच हिशेब केला. दोन महिन्यांत ७६,००० खर्च झाले होते, शिल्लक १,१८,०००. आता महिन्याची तूट ३८,००० ऐवजी २०,०००. म्हणजे ग्रॅच्युइटी न धरता जवळजवळ सहा महिने. सुरुवातीला पाच होते, दोन संपले, आणि उरले सहा! सीएंकडचे वीस तारखेचे पैसे पेट्रोलला.

रात्री शीटचा तिसरा अवतार तयार झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार कारखाना. सोमवार, बुधवार, शुक्रवार शोध, आणि तोही तारखांप्रमाणेच. ताईने चौकट वाचली आणि विचारलं, "शुक्रवारी दुपारी दोन ते चार रिकामे का?"

"सप्लायरचे फोन येतील," भावोजी म्हणाले. "आता मी परत पेमेंट देणारा झालो."